ताळेबंदावरची मिती



साखर कंपन्यांचे समभाग घेणाऱ्या आपल्या तरुण वाचकांची एक सवय मला वारंवार दिसते. दोन कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेजारी-शेजारी ठेवायचे, कर्ज आणि साठा यांचे आकडे पाहायचे आणि ज्या कंपनीचे कर्ज कमी ती सुदृढ, असा निर्णय करून मोकळे व्हायचे. ताळेबंदाच्या माथ्यावर ‘अमुक तारखेस असलेली स्थिती’ अशी जी ओळ असते, तिच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. आपल्या आजोबांच्या वहीत प्रत्येक नोंदीच्या आधी मिती येत असे. तो शिरस्ता निरर्थक नव्हता.

आपल्या समाजात वह्यांचे वर्ष दिवाळीला संपत असे. वहीपूजन झाले की वीर निर्वाण संवताच्या नव्या वर्षात नवे खाते उघडायचे. प्राप्तिकर खात्यालाही हे मान्य होते. व्यापाऱ्याने दिवाळी ते दिवाळी असे वर्ष धरले तरी चालत असे. आकारणी वर्ष 1989-90 पासून प्राप्तिकरासाठी 31 मार्च हीच अखेर सर्वांना लागू झाली. कंपन्यांना मात्र आपल्या ताळेबंदाची तारीख निवडण्याची मोकळीक पुढेही राहिली. 2013 च्या कंपनी कायद्याने ती काढून घेतली. 1 एप्रिल 2014 पासून दोन वर्षांत सर्वांनी 31 मार्चवर यावे, असे ठरले. परदेशी कंपन्यांशी संलग्न असलेल्यांना परवानगीने सवलत मिळते. म्हणून आज देशातील साखर कंपन्यांच्या अहवालांवर बहुतेक एकच तारीख दिसते. परंतु दहा-पंधरा वर्षांचे आकडे काढायला बसलात, तर 30 सप्टेंबरला वर्ष संपवणाऱ्या कंपन्या भेटतीलच. साखर वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असल्यामुळे त्यांना ती तारीख सोयीची होती.

या दोन तारखांत काय फरक पडतो, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. शिरोलीचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे दोन्ही सहकारी कारखाने आपल्या डोळ्यांसमोर आहेत. दिवाळीच्या आगेमागे मोळी टाकली जाते, उसाच्या गाड्यांनी रस्ते भरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत गाळप उरकते. साखर तयार होते चार-पाच महिन्यांत. विकली जाते मात्र बारा महिने. त्यामुळे मार्चअखेरीस गोदाम थप्पीला लागलेले असते आणि सप्टेंबरअखेरीस जवळजवळ रिकामे.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याचे नाहीत. समजा, दोन कारखाने हुबेहूब सारखे आहेत. प्रत्येकी 12 लाख क्विंटल साखर नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत समप्रमाणात तयार होते आणि दर महिन्याला 1 लाख क्विंटल विकली जाते. सप्टेंबरअखेर 2 लाख क्विंटल शिल्लक आहे. ऑक्टोबरची विक्री झाली की 1 लाख उरते. पुढच्या पाच महिन्यांत 12 लाख आत येते आणि 5 लाख बाहेर जाते, म्हणून 31 मार्चला शिल्लक 8 लाख क्विंटल. त्यानंतर सहा महिन्यांत 6 लाखांची विक्री होऊन पुन्हा 2 लाखांवर येते. चक्र पूर्ण झाले.

दर क्विंटलला 3,000 रुपये धरू. साठ्याचे मूल्य आणि विक्रीचा भाव वेगळा असतो, पण हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून दोन्हींना एकच दर लावू. मार्चअखेर साठा 240 कोटींचा, सप्टेंबरअखेर 60 कोटींचा. बँक या साखरेवर मालतारण कर्ज देते आणि 15 टक्के मार्जिन, म्हणजे आमच्या बँकेच्या भाषेत दुरावा, राखून ठेवते. तेव्हा मार्चअखेर कर्ज 204 कोटी आणि सप्टेंबरअखेर 51 कोटी. दोन्ही कारखान्यांचा स्वनिधी 102 कोटी आहे, असे समजा. पहिला कारखाना 31 मार्चला ताळेबंद काढतो. त्याचे कर्ज स्वनिधीच्या दुप्पट दिसते. दुसरा 30 सप्टेंबरला काढतो. त्याचे कर्ज निम्मे दिसते. वर्षाची विक्री 360 कोटी असल्याने पहिल्याकडे आठ महिन्यांचा माल पडून आहे आणि दुसऱ्याकडे फक्त दोन महिन्यांचा, असा निष्कर्ष निघतो. पहिला बुडीत वाटतो, दुसरा सोन्यासारखा. वस्तुतः दोन्ही एकच आहेत. फरक आहे तो छायाचित्र कोणत्या दिवशी काढले याचा.

हा भास पकडण्याची एक साधी युक्ती आहे. कर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ती ठाऊक असते, पण भागधारक तिचा क्वचितच उपयोग करतात. ताळेबंद एका दिवसाचा असतो. नफा-तोटा पत्रकातील व्याज मात्र संपूर्ण वर्षाचे असते. वरच्या उदाहरणात बारा महिनाअखेरांच्या साठ्याची सरासरी काढली, तर ती साडेचार लाख क्विंटल येते. त्यावरचे सरासरी कर्ज सुमारे 115 कोटी आणि दहा टक्क्यांनी व्याज साधारण साडेअकरा कोटी. हे व्याज दोन्ही कारखान्यांच्या पत्रकात सारखेच असेल. आता त्याला ताळेबंदातील कर्जाने भागा. मार्चवाल्याचा दर निघतो साडेपाच टक्क्यांच्या किंचित वर. सप्टेंबरवाल्याचा साडेबावीस टक्के. इतक्या स्वस्तात साखरेवर कोणतीही बँक कर्ज देत नाही आणि इतक्या महागात कोणी घेत नाही. दर असा विचित्र निघाला की समजावे, अखेरच्या दिवशीचे कर्ज वर्षभराच्या कर्जाचे प्रतिनिधित्व करत नाही. अर्थात मोठे मुदत कर्ज असेल किंवा व्याजाचा काही भाग नव्या यंत्रसामग्रीच्या खर्चात धरला असेल, तर ही कसोटी बोथट होते. तेवढे टिपांमध्ये पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांच्या देण्याची. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर 15 टक्के व्याजासह. मार्चच्या अखेरीस गाळप चालू असेल, तर शेवटच्या पंधरवड्यातील ऊसबिले ताळेबंदात देणी म्हणून दिसणारच. त्यात गैर काही नाही. तीच रक्कम 30 सप्टेंबरच्या ताळेबंदात असेल, तर तिचा अर्थ अगदी निराळा होतो. त्या दिवशी गाळप थांबून महिने लोटलेले असतात. एफआरपीचे जे देणे उरले ती उघड थकबाकी आहे. (एफआरपीच्या वरचा जादा भाव सणासुदीला द्यायचा ठरला असेल, तर तो वेगळा काढावा.) म्हणजे या एका बाबीत लहान आकडा दाखवणारा सप्टेंबरचा अहवाल अधिक कठोर साक्षीदार ठरू शकतो. आकडा लहान की मोठा, यापेक्षा तो कोणत्या दिवशी उभा आहे हे आधी विचारावे.

साठ्याच्या मूल्यांकनातही तारीख आपला हात दाखवते. साठा उत्पादन खर्च किंवा विकून हाती येणारी रक्कम, यांपैकी जे कमी त्या दराने धरायचा असतो. 2017-18 च्या हंगामात देशात साखरेचे विक्रमी उत्पादन झाले आणि भाव उत्पादन खर्चाखाली गेले. 7 जून 2018 रोजी केंद्र सरकारने क्विंटलला 2,900 रुपये असा किमान विक्री दर ठरवून दिला. ज्यांचे वर्ष 31 मार्च 2018 ला संपले, त्यांना हा आधार मिळण्यापूर्वीच्या भावाचा विचार करून भरलेल्या गोदामाचे मूल्य लावावे लागले. त्या वर्षी कोणाचे वर्ष सप्टेंबरअखेर संपत असते, तर तीच पडझड आणि नंतरचा आधार या दोन्ही गोष्टी त्याच्या एकाच वर्षात सामावल्या असत्या. आणखी एक: उरलेला साठाही थोडा असल्याने ताळेबंदावर तिचा ओरखडा कमी दिसला असता.

मग दोन वेगळ्या तारखांच्या कंपन्यांची तुलना करायचीच नाही का? करता येते, पण थोडे कष्ट घ्यावे लागतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या तिमाही निकाल जाहीर करतात आणि सहा महिन्यांनी मालमत्ता व देण्यांचे विवरणही देतात. मार्चवाल्या कंपनीचे सहामाही विवरण 30 सप्टेंबरचे असते आणि सप्टेंबरवालीचे 31 मार्चचे. हा सुदैवाचा योग आहे. दोघांच्याही दोन्ही तारखा उपलब्ध होतात. विक्री, व्याज, नफा यांसाठी तेच चार तिमाही निवडून बेरीज करावी. कर्ज आणि साठ्यासाठी एकाच दिवसाचे विवरण घ्यावे. सहामाही विवरण पूर्ण लेखापरीक्षित नसते आणि त्यात टिपा तुटपुंज्या असतात, ही त्याची मर्यादा. ज्या वर्षी कंपनीने तारीख बदलली, त्या वर्षाचा हिशेब कधी सहा-नऊ तर कधी पंधरा-अठरा महिन्यांचा असतो. ऑक्टोबरपासून त्यानंतरच्या दुसऱ्या मार्चपर्यंतच्या अठरा महिन्यांत साखर कारखान्याचे दोन हंगाम येतात, पण विक्री दीड वर्षाचीच. अशा आकड्याला अठराने भागून बाराने गुणले, तर विक्री कदाचित जुळेल. उत्पादन मुळीच जुळणार नाही.

तारीख एक असली म्हणजे भागले, असेही नाही. ब्राझीलमधील साओ मार्टिन्हो या मोठ्या साखर कंपनीचे वर्षही 31 मार्चलाच संपते. परंतु तेथील मुख्य ऊसपट्ट्यात गाळप एप्रिलमध्ये सुरू होऊन वर्षाच्या शेवटाकडे संपते. आपल्याकडे 31 मार्च म्हणजे भरलेले गोदाम. त्यांच्याकडे तोच दिवस हंगामाच्या उंबरठ्यावरचा. त्या कंपनीची तुलना करायची, तर आपल्या कारखान्याची सप्टेंबरअखेरची स्थिती समोर ठेवणे अधिक न्याय्य होईल.

आपल्या दोन्ही तालुक्यांतील कारखान्यांची अखेर 31 मार्चच आहे, त्यामुळे सभासदांना त्यांचे अहवाल शेजारी ठेवायला हरकत नाही. फक्त त्या वर्षी कोणाचे गाळप फेब्रुवारीत आटोपले आणि कोणाचे एप्रिलपर्यंत चालले, हे अहवालातील हंगामाच्या तारखांवरून ताडून घ्यावे. एका महिन्याचे गाळप पुढे-मागे झाले की साठा, मालतारण कर्ज आणि ऊसबिलांचे देणे हे तिन्ही आकडे हलतात. सहकारी कारखान्यांचे तिमाही निकाल जाहीर होत नाहीत. वार्षिक सभा साधारणतः सप्टेंबरपर्यंत होते, म्हणजे हाती पडणारा ताळेबंद पाच-सहा महिने जुना असतो. सभेत सभासदाने अध्यक्षांना विचारण्याजोगा प्रश्न असा: आज गोदामात किती पोती आहेत आणि त्यांवर बँकेचे किती येणे आहे?