ताट समोर आलं की गोळी

विरारहून पहाटे सुटणाऱ्या लोकलमध्ये आपल्या प्रत्येकाचा एखादा तरी रुग्ण उभा असतो. असाच एक डोळ्यासमोर आणू. वय ५४, नोकरी चर्चगेटला. ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमची जोडगोळी चालू. तो पाच वाजता उठतो, ॲसिडिटीच्या गोळीबरोबर हीही गोळी घेतो, कपभर चहा आणि दोन बिस्किटं खाऊन स्टेशन गाठतो. डबा उघडतो तो कचेरीत पोचल्यावर, साडेआठ-नऊला. ग्लिमेपिराइडचं रक्तातलं प्रमाण घेतल्यापासून दोन ते तीन तासांत सर्वांत जास्त असतं. म्हणजे गोळी ऐन भरात येते, तेव्हा हा माणूस बोरिवली ते दादरच्या दरम्यान रिकाम्या पोटी लोंबकळत असतो. घाम फुटतो, हात थरथरतात, पोटात खड्डा पडतो. तो दोष गर्दीला देतो. आपण त्याचं एचबीएवनसी ६.४ पाहतो आणि ‘छान कंट्रोल आहे, हेच चालू ठेवा’ म्हणतो. तीन महिन्यांच्या त्या सरासरीत सकाळचा हा खड्डा दिसत नाही.

यात रुग्णाची चूक शोधू नये. आपण चिठ्ठीवर १-०-० लिहितो आणि तोंडाने सांगतो, ‘सकाळी उपाशीपोटी, रोज न चुकता.’ मराठी घरात ‘उपाशीपोटी’ म्हणजे उठल्या उठल्या. थायरॉइडची गोळी तशीच घ्यायची असते, ॲसिडिटीचीही तशीच, मग शुगरचीही त्यांच्या पंगतीत बसते. ‘न चुकता’ म्हटल्यावर जेवण चुकलं तरी गोळी चुकत नाही. रुग्णाने आपलं ऐकलंय, शब्दशः ऐकलंय. आपला शब्दच चुकला.

सल्फोनिलयुरिया गटाची गोळी स्वादुपिंडातल्या बीटा पेशींची पोटॅशियमची दारं बंद करते आणि इन्सुलिन बाहेर काढते. त्या वेळी रक्तात साखर २०० आहे की ८०, हे ती पाहत नाही. मेटफॉर्मिनचं तसं नाही. ते एकटं दिलं तर साखर सहसा धोक्याच्या खाली नेत नाही. म्हणून ‘शुगरची गोळी’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वृत्तीची औषधं आपण रुग्णाच्या हाती देतो, आणि जोडगोळीत तर ती वेगळी करताही येत नाहीत. सल्फोनिलयुरियाचा शोधही न जेवलेल्या माणसांमुळेच लागला. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जाँबाँ टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. आजाराने खंगलेले, अन्न न जाणारे ते रुग्ण. काहींना झटके आले, काही दगावले. साखर कोसळली होती. पुढे ओग्युस्त लूबातिएर यांनी त्यामागचं स्वादुपिंडाचं काम दाखवलं.

तेव्हा वेळ घड्याळाची नाही, ताटाची सांगावी. ग्लिमेपिराइड दिवसाच्या पहिल्या खऱ्या जेवणाच्या लगेच आधी किंवा त्याच्या पहिल्या घासाबरोबर. ग्लिपिझाइडची साधी गोळी जेवणाआधी अर्धा तास. पण तो अर्धा तासही ताट वाढायला घेतल्यावरच मोजायचा. चहा-बिस्किट हे जेवण नव्हे. वरच्या रुग्णाची गोळी घरच्या कपाटात न ठेवता डब्याच्या पिशवीत ठेवायला सांगा; पोळीभाजी समोर आली की घ्यायची. ग्लिमेपिराइडचा परिणाम जवळजवळ दिवसभर राहतो, म्हणून दुपारचं जेवणही टाळायचं नाही, हे त्याच दमात सांगावं. एक दिवस गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आता संकष्टी. चंद्रोदय रात्री, तोवर पाणी, चहा, फार तर एखादं केळं. त्या दिवशी सकाळची सल्फोनिलयुरियाची गोळी घ्यायची नाही. एक दिवस साखर थोडी चढली तर बिघडत नाही. कोसळली तर बिघडतं. दुपारी साबुदाण्याची खिचडी ताटभर खाणाऱ्याचा प्रश्न उलटा असतो, म्हणून ‘उपास करता का’ एवढंच न विचारता ‘उपासाला काय आणि कधी खाता’ असं विचारा. नालासोपाऱ्यात रोजा धरणाऱ्या रुग्णाचा मामला महिनाभराचा. त्याची दिवसाची गोळी इफ्तारच्या जेवणाबरोबर नेणं आणि मात्रा कमी करणं हे रमझान सुरू होण्याआधी ठरवावं. वारंवार उपास करणारा, कामामुळे जेवणाची वेळ नसलेला, एकटा राहणारा वृद्ध किंवा क्रिएटिनिन वाढलेला रुग्ण असेल तर मुळात गटच बदलावा. यांना ग्लिबेनक्लामाइड तर देऊच नये. त्याची चयापचयातून तयार होणारी द्रव्यंही साखर उतरवतात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर साचत राहतात. विल्डाग्लिप्टिन आणि सिटाग्लिप्टिन आता स्वस्त झाली आहेत, त्यामुळे पूर्वीची खर्चाची सबब तितकी उरलेली नाही. मात्र ‘जेवण नाही तर गोळी नाही’ हा नियम इन्सुलिन घेणाऱ्याने स्वतःला लावू नये, हेही सांगायला हवं.

साखर उतरल्याचं रुग्ण डॉक्टरांच्या शब्दांत सांगत नाही. तो म्हणतो, ‘कापरं भरलं, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली.’ घरचे म्हणतात, ‘उगाच चिडचिड करत होते, काहीतरीच बोलत होते.’ वृद्धांत तर नुसता गोंधळ किंवा अडखळती जीभ दिसते आणि पक्षाघात समजून धावपळ होते. बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. तो एकटा घामही गंभीर धरावा. सगळ्यांत घातक समजूत म्हणजे ‘चक्कर आली, शुगर वाढली असणार’. मग गोड टाळलं जातं, क्वचित आणखी एक गोळीही घेतली जाते. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली म्हणजे उपाय लगेच. यंत्र जवळ नसेल तरी उपाय आधी.

उपाय साधा आहे: तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढंच, आणि बरं वाटल्यावर जेवण. ग्लुकोज नसेल तर साखर चालते. पण जोडगोळीत व्होग्लिबोज असेल तर साखर वेळेवर पचत नाही, तिथे ग्लुकोजच हवं. तीन औषधांची ही गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते, म्हणून ती लिहिताना ग्लुकोजचा पुडाही लिहावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही ओतायचं नाही.

बेशुद्ध रुग्ण दवाखान्यात आला की आपण २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर शिरेतून हळूहळू देतो. तो डोळे उघडतो, ओळखतो, नातेवाईक हात जोडतात. चूक होते ती इथे, त्याला घरी पाठवण्यात. गोळीचा अंमल अजून बाकी असतो, आणि दिलेलं ग्लुकोजच बीटा पेशींना आणखी इन्सुलिन सोडायला लावतं. काही तासांनी, बहुधा रात्री सगळे झोपलेले असताना, साखर पुन्हा कोसळते. म्हणून १० टक्के डेक्स्ट्रोजची सलाइन लावून रुग्णालयात हलवा आणि किमान २४ तास दर थोड्या वेळाने साखर पाहायला सांगा. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहूनही जास्त. पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ऑक्ट्रिओटाइड उपयोगी पडतं. ते इन्सुलिनचं सुटणंच रोखतं.

या महिन्यापासून आपल्या चिठ्ठीवर १-०-० च्या शेजारी मराठीत एक ओळ लिहू: ‘ताट समोर आल्यावर घ्या. जेवण नाही, तर ही गोळी नाही.’ आणि पुढच्या भेटीत रिपोर्ट उघडण्याआधी एक प्रश्न विचारू: ‘गोळी किती वाजता, आणि पहिला घास किती वाजता?’ या दोन वेळांमधलं अंतरच त्या पहाटेच्या गाडीतल्या घामाचं निदान आहे.