एन्नोरच्या पात्रात भराव नको

एन्नोर येथे कोसस्थलैयार नदी ओलांडताना जागेवर छिद्र घेऊन ओतलेल्या बोअर्ड पाइलचाच अवलंब व्हावा, मात्र त्यासाठी पात्रात भराव मुळीच टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ठोकलेल्या पाइलमध्ये गाळ उपसावा लागत नाही आणि प्रत्येक घावागणिक ती किती उतरली हे कळते, हे खरे; तथापि जड हातोडा वाहणारा तराफा या उथळ खाडीत ओहोटीला तरंगणार नाही.

बोअर्ड पाइलच्या छिद्रात मात्र मऊ चिकणमातीतून आवरणनळी वर ओढली की भोवतालच्या मातीच्या दाबाने काँक्रीट आकसते. म्हणून त्या थरापुरते पोलादी आवरण कायमचेच ठेवावे. १.२ मीटर व्यासाच्या, ३० मीटर खोल पाइलला सुमारे ३४ घनमीटर काँक्रीट लागते. त्याहून कमी खपल्यास पाइल कोठेतरी बारीक झाली असे समजून तपासणी करावी.

विजेच्या मनोऱ्यांसाठी पात्रात टाकलेल्या भरावाने प्रवाह अडून येथील कोळी बांधवांची उपजीविका संकटात आली, हे सर्वांनी पाहिले आहे. यास्तव यंत्रे तात्पुरत्या पोलादी मचाणावरूनच चालवावीत, बेंटोनाइटचा राडा हौदात साठवून किनाऱ्यावर न्यावा, आणि या दोन्ही अटी निविदेतच नमूद कराव्यात, अशी आमची मागणी आहे.