ओठावरची खपली आणि नळाजवळचा टॉवेल

गेल्या ऑगस्टमध्ये सहा वर्षांच्या एका मुलीला तिची आई दवाखान्यात घेऊन आली. नाकाखाली आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यात मध वाळल्यासारख्या पिवळट खपल्या, कडेने ओलसर लाली. "डॉक्टर, उष्णतेनं उठलंय म्हणून आठ दिवस मलम लावतेय. आधी एवढंसंच होतं," आई म्हणाली. मलम मेडिकलमधून मागून आणलेलं. ट्यूबवर बारीक अक्षरांत स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध अशी तिन्ही नावं होती. स्टेरॉइडनं पहिले दोन दिवस लाली उतरली, म्हणून आईचा विश्वास बसला; जंतू मात्र पसरत राहिले.

इम्पेटिगो ओळखायला आपल्यापैकी कुणालाच वेळ लागत नाही. आपण चुकतो ते पुढे. ओठावर मलम लिहून आपण पुढच्या पेशंटला आत बोलावतो, आणि तो जंतू ओठापर्यंत आला कसा, हे पाहायचं राहून जातं.

या मुलीचं नाक पंधरा दिवस वाहत होतं. शेंबूड पुसून पुसून नाकाखालची कातडी सोलवटते आणि नाकपुडीत एरवी गुपचूप राहणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसला तिथं वाट मिळते. मग बोट नाकात, तेच बोट ओठाच्या कोपऱ्यात. तिचे हात उलटे-पालटे करून पाहिले, तर बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ दिसलं. रात्री खाजवते का, असं विचारल्यावर आई म्हणाली, "ती आणि धाकटा, दोघंही." म्हणजे घरात खरूज होती. ओठ बरा करून खरूज तशीच ठेवली असती, तर नखांनी ओरखडलेल्या कातडीवर महिन्याभरात पुन्हा हेच उठलं असतं. डोक्यातल्या उवाही अशाच नडतात. मानेमागे गाठी लागल्या तर केस बाजूला करून बघावंच.

उपचार साधा आहे, पण एक पायरी नेहमी सुटते. जाड खपलीवर मलम लावलं तर ते जंतूपर्यंत पोचत नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ कापड काही मिनिटं ठेवून खपली सैल करायची, खरवडायची नाही, आणि मग २ टक्के म्युपिरोसिन दिवसातून तीनदा, पाच दिवस. तिला दोनच चट्टे होते, म्हणून एवढं पुरलं. चट्टे बरेच असतील, फोड येत असतील, ताप असेल किंवा घरात-वर्गात एकदम अनेकांना झालं असेल, तर पोटातून सेफॅलेक्सिन द्यावं. खरजेसाठी घरातल्या सगळ्यांना एकाच रात्री परमेथ्रिन लावायला सांगितलं, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा.

"वर्गात आणखी कुणाला आहे?" हा प्रश्न मी आता चुकवत नाही. आईनं बाकावरच्या शेजारणीचं नाव घेतलं. आईच्या संमतीनं बाईंना फोन केला, तर अशी चार मुलं निघाली. पोषण आहाराआधी मुलं हात धुतात, ही चांगली सवय. पण नळाजवळ खिळ्याला एकच टॉवेल होता आणि अख्खा वर्ग त्यालाच हात-तोंड पुसत होता. तोच दोषी, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण हा आजार मुख्यतः थेट स्पर्शानं पसरतो. बाईंनी टॉवेल त्याच दिवशी काढला आणि मुलांना घरून हातरुमाल आणायला सांगितलं. जंतू लागल्यापासून खपली दिसेपर्यंत साधारण चार ते दहा दिवस जातात. त्यामुळे आज दिसलेल्या मुलाला घरी बसवून वर्ग मोकळा झाला, असं समजू नये. पुढचे दहा दिवस बाईंनी सगळ्यांच्या नाका-ओठांकडे लक्ष ठेवायला हवं.

शाळा किती दिवस बंद? आपल्याकडे सर्रास आठवडा लिहिला जातो. मला ते पटत नाही. औषध सुरू होऊन पूर्ण २४ तास झाले आणि ओला चट्टा झाकता आला, की मूल वर्गात बसू शकतं. ब्रिटनमध्ये ४८ तास किंवा चट्टे कोरडे होईपर्यंत थांबायला सांगतात. तेही आठवड्यापेक्षा कमीच. रोजंदारीवर जाणारी आई आठ दिवस घरी थांबू शकत नाही. मग मूल औषधाविनाच शाळेत जातं. चिठ्ठीवर नेमकी तारीख लिहिली तर ती पाळली जाते.

एक गोष्ट मात्र आईला समजावून सांगायलाच हवी. जंतू स्ट्रेप्टोकोकस असेल, तर कातडीच्या संसर्गानंतर तीन ते सहा आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. अँटिबायोटिकनं वर्गातला फैलाव रोखता येतो, पण त्या मुलापुरतं हे संकट टळेलच याची खात्री देता येत नाही. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी किंवा चहाच्या रंगाची दिसली तर त्याच दिवशी यायला सांगितलं होतं. तसं काही झालं नाही, पण चौथ्या आठवड्यात मी बोलावून घेतलं. रक्तदाब मोजला, लघवी तपासली. दोन्ही ठीक होतं, आणि धाकट्याची खाजही थांबली होती.