गच्चीवर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहू नका

चिकलठाण्यात आता दर दुसऱ्या-तिसऱ्या गच्चीवर सोलर दिसतं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, बिल शून्याजवळ येतं, लोक खूश आहेत. पण ज्यांच्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो त्यांनी आजची पोस्ट शेवटपर्यंत वाचा.

आमच्या भागातल्या एका काकांना फुफ्फुसाचा जुना आजार आहे. रात्रभर मशीन लागतं. मुलाने सोलर बसवलं तेव्हा विकणाऱ्याने सांगितलं, "आता लाईटचं टेन्शन नाही." वळवाच्या पहिल्याच पावसात भर दुपारी लाईट गेली. बाहेर ऊन परत पडलं, तरी घरातलं मशीन बंद. मुलगा म्हणाला, सोलर बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. नेट मीटरवालं साधं सोलर लाईट गेली की स्वतःहून बंद होतं, तसं ते मुद्दाम बनवलेलं असतं. नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. लाईट नसताना सोलर वापरायचं तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि अनुदान पॅनलवर आहे, बॅटरीवर नाही. विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत, यावर माझा राग आहे.

मग घरातला जुना इन्व्हर्टर? त्याचा हिशोब करू. काकांच्या ५ लिटरच्या मशीनवर मागच्या स्टिकरला ३५० वॉट लिहिलंय. काकांना २ लिटरच लागतो, म्हणून वीज कमी लागेल असं घरच्यांना वाटायचं. तसं नसतं. बटण २ वर असो की ५ वर, आतला कॉम्प्रेसर चालूच राहतो, वीज थोडीफारच कमी होते. घरची बॅटरी १२ व्होल्ट १५० एएच, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली रोज नेली तर लवकर मरते, म्हणून ९०० धरा. इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं, उरतात साडेसातशेच्या आसपास. भागिले ३५०, झाले जेमतेम दोन तास. त्यात तो १५० चा आकडा वीस तास सावकाश वापरल्यावरचा आहे, एवढा भार लावल्यावर तेवढं मिळतच नाही. आणि बॅटरी तीन वर्षं जुनी.

आठ तास पाहिजेत असं धरलं तर उलटा हिशोब असा. ३५० गुणिले ८ म्हणजे २८००. इन्व्हर्टरचं नुकसान धरून बॅटरीतून ३३०० काढावे लागतील. लिथियम बॅटरीही ८० टक्केच वापरायची म्हटलं तर ४१०० लागतात, आणि वर्षं जातील तशी ती म्हातारी होणार म्हणून वर पाव हिस्सा धरा. म्हणजे साधारण ५ युनिटची बॅटरी. ती भरायला उन्हाळ्यात १ किलोवॉट पॅनल पुरतं, कारण आपल्याकडे ते दिवसाला चारेक युनिट देतं. पण श्रावणातल्या ढगाळ दिवसात निम्म्यावर येतं, म्हणून २ किलोवॉट धरा. काकांकडे ३ आहेतच, फक्त इन्व्हर्टर बदलायचा आणि महावितरणला कळवायचं.

इन्व्हर्टर प्युअर साईनवेव्हचाच घ्या. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसरची मोटर घुंघुं आवाज करते आणि तापते. चालू होताना मोटर काही क्षण दुप्पट-तिप्पट वीज ओढते, म्हणून ३५० वॉटला ५०० चा इन्व्हर्टर चालणार नाही, दीड हजार व्हीएच्या खाली जाऊ नका. आणि त्या लाईनवर मशीन, एक पंखा, एक ट्यूब, बस्स. लाईट नसताना कुणीतरी मिक्सर लावतो, इन्व्हर्टर ट्रिप होतो, हे नेहमीचं आहे. लेड ॲसिड बॅटरी पेशंटच्या खोलीत ठेवू नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि त्या खोलीत समई-अगरबत्तीही नको.

एवढं करूनही फ्यूज उडू शकतो, म्हणून भरलेला बी टाईप सिलिंडर घरात पाहिजेच. त्यात साधारण १५०० लिटर असतो. २ लिटरने बारा तास, ५ लिटरने पाच तास. रेग्युलेटर लावून ठेवा, घरातल्या दोघांना उघडता आला पाहिजे.

चाचणी सोपी आहे. डॉक्टरांना विचारून काकांना सिलिंडरवर घ्या, दिवसा मेन स्विच आणि सोलर पॅनलचा स्विच पाडा, मशीन चालू ठेवा आणि घड्याळ लावा. वेळ बॅटरीवर पेनाने तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी परत करा. वेळ पाव हिस्सा घटली की बॅटरी बदलायची तयारी करा.

आता महावितरणला एक मागणी. ऑस्ट्रेलियात घरी असं मशीन असेल तर वीज कंपनीकडे नोंद होते आणि ठरलेल्या शटडाऊनची आगाऊ लेखी सूचना मिळते. आपल्याकडे मोबाईलवर मेसेज येतो, तो सगळ्यांना सारखाच. चिकलठाण्यात अशी किती घरं आहेत, याची यादी सेक्शन ऑफिसला असायला हवी. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी खाली कॉमेंटमध्ये नाव न लिहिता मला इनबॉक्स करा. ग्राहक क्रमांक घेऊन एकत्र अर्ज देऊ.