खातं बंद, तरी पैसे चालू

आमच्या बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओवाले आहेत. लग्नाच्या अल्बमच्या डिझाइनसाठी त्यांनी एका अ‍ॅपचं महिन्याला 499 रुपयांचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं. मध्यंतरी मोबाईल नंबर बदलला. बँकेत जाऊन नवीन नंबर दिला, अ‍ॅपमध्ये द्यायचा राहिला. मग एकदा पासवर्ड चुकला, खातं लॉक झालं आणि ओटीपी जातोय जुन्या नंबरवर. काम बंद, पण कार्डावरून 499 रुपये जातच राहिले. सात महिने. म्हणजे 3,493 रुपये.

कंपनीला मेल केला तर ठरलेलं उत्तर : 'लॉगिन करून सबस्क्रिप्शन रद्द करा.' अहो, लॉगिनच होत नाही म्हणून तर मेल केलाय! बँकेच्या शाखेत गेले तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, 'तुम्ही त्यांना परवानगी दिलीय, त्यांच्याशीच बोला.' हे उत्तर साफ चूक आहे, आणि ते रोज कुठल्या ना कुठल्या शाखेत कुणाला तरी मिळतं, म्हणून हे लिहितोय.

अ‍ॅपमधलं तुमचं खातं ही एक गोष्ट. दरमहा पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी, जिला बँकेच्या भाषेत ई-मँडेट म्हणतात, ही दुसरी. खातं कंपनीकडे असतं, मँडेट तुमच्या बँकेकडे नोंदलेलं असतं. त्यामुळे खातं लॉक झालं, बंद केलं, अ‍ॅप मोबाईलमधून उडवलं, तरी मँडेट जिवंत राहू शकतं. पण याचीच दुसरी बाजू अशी की ते मारायला कंपनीच्या दारात जायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेचे कार्डाच्या ई-मँडेटचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून पूर्णपणे लागू झाले. त्यानुसार मँडेट केव्हाही मागे घ्यायची ऑनलाइन सोय बँकेने द्यायचीच आहे.

स्टुडिओवाल्यांना मी आधी मेसेज शोधायला लावले. पैसे कापायच्या किमान 24 तास आधी बँकेने सूचना पाठवायची असते : कोण कापणार, किती, कधी. ती त्यांना दर महिन्याला येत होती, जाहिरातींच्या ढिगाऱ्यात. त्या सूचनेतूनच नकार देता येतो. फक्त एक बघायचं : नकार या एका हप्त्याला देताय की अख्ख्या मँडेटला? एकाच हप्त्याला दिलात तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग त्यांच्या नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या भागात मँडेटची यादी सापडली. रद्दचं बटण दाबलं, बँकेचा ओटीपी नवीन नंबरवर आला आणि विषय संपला. पाच मिनिटं लागली नाहीत.

परवानगी यूपीआयवरून दिली असेल तर ज्या यूपीआय अ‍ॅपमधून दिली तिथे 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' बघा. पिन टाकून रद्द होतं. सबस्क्रिप्शन प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर ते प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून रद्द करायचं. तिथे त्या अ‍ॅपच्या लॉगिनचा संबंधच येत नाही.

'कार्डच ब्लॉक करून टाकतो,' असं ते आधी म्हणत होते. मी अडवलं. त्याच कार्डावर त्यांचा विम्याचा हप्ता आणि दुकानाचं वायफाय आहे. एका कंपनीसाठी सगळंच बंद पडलं असतं.

गेलेले 3,493? इथे बँक फार काही करणार नाही, कारण तेव्हा मँडेट चालू होतं. ते कंपनीकडेच मागायचे, आणि दाद नाही दिली तर ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यांनी कंपनीला लेखी मेलही टाकलाय की सेवा अमुक तारखेपासून बंद समजावी. कारण मँडेट रद्द केल्याने पैसे थांबतात, करार आपोआप संपत नाही. वर्षाचा प्लॅन महिन्याच्या हप्त्यांत घेतला असेल तर कंपनी उरलेले हप्ते मागू शकते. (आणि हो, कर्जाच्या हप्त्यावर हा प्रयोग करू नका. दंड बसेल.)

मँडेट रद्द केल्यावरही पैसे गेले तर मात्र जबाबदारी बँकेची. रद्द केल्याचा स्क्रीनशॉट जोडून तीन कामाच्या दिवसांच्या आत लेखी तक्रार द्या, तक्रार क्रमांक घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जा. फी लागत नाही.

सबस्क्रिप्शनमध्ये ग्राहकाला अडकवून ठेवणं हा फसवा प्रकार आहे, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्येच जाहीर केलंय. पैसे घ्यायला लॉगिन लागत नाही आणि थांबवायला लागतं, याला दुसरं काय म्हणायचं? पण कंपनीपेक्षा माझा राग बँकेवर जास्त आहे. रद्दचं बटण त्यांच्याच वेबसाइटवर आहे आणि त्यांच्याच काउंटरवर ते कुणाला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात त्या शाखेच्या मॅनेजरसाहेबांना भेटणार आहे, ही माहिती नोटीस बोर्डावर मराठीत लावा म्हणून. काय म्हणतात ते इथेच लिहीन.