‘तुळशीचे झाले, आता तुझे केव्हा?’

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघरी तुळशीची लग्ने लागतात. उसाच्या मांडवात अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि प्रसाद घेता घेता एखाद्या आत्याबाई घरातील उपवर कन्येला विचारतात, ‘‘तुळशीचे झाले, आता तुझे केव्हा?’’ चातुर्मास सरून विवाहमुहूर्त सुरू होत असल्याने हा प्रश्न याच अंगणात हटकून येतो.

त्यामागे बहुधा माया असते, हे आम्ही जाणतो. परंतु चारचौघांत उत्तर देणे मुलीला जड जाते. अशा वेळी कारण सांगू नये, असे आमचे मत आहे. ‘नोकरी कायम व्हायची आहे’ म्हटले, की पगार किती, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. ‘पुढच्या वर्षी’ म्हटले, तर पुढच्या कार्तिकात याच वृंदावनापाशी त्या वायद्याची आठवण दिली जाते. त्यापेक्षा हसून म्हणावे, ‘‘आत्या, ठरले की पहिली अक्षत गणपतीला आणि दुसरी तुम्हालाच!’’ यात मान आहे, असत्य नाही आणि पुढे विचारण्यास जागाही नाही. लगेच प्रसादाची वाटी पुढे करावी व त्यांच्या नातवंडांची चौकशी करावी.

तरीही प्रश्न पुन्हा आलाच, तर विनोद पुरे. तेथे मातेनेच शांतपणे म्हणावे, ‘‘वन्सं, ते आम्ही घरात बोलू.’’ भरल्या अंगणात लेकीची बाजू सावरणे, हा वडीलधाऱ्यांचाच धर्म होय.