यादी किती बारीक असावी?

मोठ्या चित्रीकरणात भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत रेंटलवाल्यांचा अटेंडंट येतो आणि पॅकअपला सामान तोच मोजून घेतो. तीन-चार जणांच्या लघुपटाला ही सोय नसते. एक कॅमेरा घरचा, दुसरा भाड्याचा, लेन्स मित्राची आणि बॅटऱ्या तिन्हीकडच्या. अशा वेळी यादी किती बारीक करावी, यावर दोन मतं ऐकू येतात.

एक मत म्हणतं, सगळं लिहा. ट्रायपॉडची प्लेट पाहिली की ते पटतं. ही प्लेट कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने बसवलेली असते. भाड्याचा कॅमेरा परत करताना ती त्याच्यासोबत निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड असूनही कॅमेरा त्यावर बसत नाही. यादीत ‘ट्रायपॉड १’ असतं, त्यावरची टिकही खरी असते.

दुसरं मत म्हणतं, साठ ओळींची यादी रात्री अकराला कुणी वाचत नाही, वरपासून खालपर्यंत टिका मारून मोकळे होतात. हेही खरं आहे.

मला वाटतं, यादीच्या लांबीपेक्षा तिची मांडणी महत्त्वाची आहे. ती बॅगेनुसार लिहावी, म्हणजे एक बॅग उघडली की आठ-दहा ओळीच तपासायच्या राहतात. उसन्या सामानाचं पान वेगळं ठेवावं. त्यावर मालकाचं नाव, बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर लिहावा. एकाच मॉडेलच्या बॅटऱ्या हुबेहूब दिसतात, त्यामुळे मित्राची नवी बॅटरी रेंटलला जाते आणि त्यांची थकलेली मित्राकडे. सामान हातात पडताच प्रत्येक मालकाच्या बॅटऱ्यांना वेगळ्या रंगाची कागदी टेप लावली, तर हा घोळ होत नाही.

मेमरी कार्डं मात्र या यादीत बसत नाहीत. कार्ड आहे की नाही, एवढं कळून भागत नाही. ते रिकामं आहे, भरलेलं आहे की दोन डिस्कवर उतरवलेलं आहे, हे कळायला हवं. म्हणून कार्डांना क्रमांक द्यावेत, पाकिटात रिकामं सरळ आणि भरलेलं उलटं ठेवावं. दोन्ही प्रतींतल्या फाइलींची संख्या आणि आकार कार्डाशी जुळला, काही क्लिप शेवटपर्यंत चालवून पाहिल्या, की मगच ‘उतरवलं’ लिहावं.

याला वेळ लागतो, ही तक्रार रास्त आहे. १२८ जीबीचं भरलेलं कार्ड सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने उतरवलं, तर एका प्रतीला एकवीस मिनिटं लागतात. अशी तीन कार्डं असली की एका प्रतीतच तासाहून जास्त जातो. दोन दिवसांच्या चित्रीकरणात मी जास्तीची कार्डं घेणं पसंत करीन. मग काम संपेपर्यंत एकही फॉरमॅट करावं लागत नाही आणि प्रती सकाळी ताज्या डोळ्यांनी तपासता येतात. खर्च झेपत नसेल, तर फॉरमॅटचा अधिकार एकाच माणसाकडे असावा, आणि दिवसभर कॅमेरा चालवून दमलेला माणूस शक्यतो तो नसावा.